बातमीच्या फोटोतून माणूस काढायचा का? क्रॉप, इरेजर आणि पोलिसांना द्यायची प्रत

प्रश्न: ठाण्यात आमचं छोटं बातम्यांचं पोर्टल आहे. स्टेशनजवळ फेरीवाल्यांवर कारवाई चालू असताना मी कॅमेऱ्यावर फोटो काढले. एका फोटोत डावीकडे भाजीवाला आहे, त्याचा हात पुढे आलाय. मध्ये पथकाचा युनिफॉर्ममधला कर्मचारी आणि उजव्या कडेला साध्या कपड्यातला एकजण भाजीवाल्याचा वजनकाटा घेऊन चाललाय. संपादक म्हणतात, उजवीकडच्याला क्रॉप कर, नाहीतर इरेजरने काढ, फोटो स्वच्छ दिसेल. क्रॉप केलं तर चालतं ना? आता पोलीस ठाण्यातूनही हाच फोटो मागितलाय. त्यांना कुठला द्यायचा?

उत्तर:

या फोटोतून उजवीकडचा माणूस काढू नका. क्रॉपनेही नाही आणि इरेजरने तर नाहीच. पोलिसांना पूर्ण चौकटीची मूळ फाइल द्या. क्रॉप मात्र सरसकट वाईट नसतो, त्यामुळे इथे तो का चालत नाही हे नीट पाहायला हवं. नाहीतर पुढच्या फोटोला हीच अडचण वेगळ्या रूपात समोर येईल.

फोटोतला हात बघा. भाजीवाला डावीकडे, कर्मचारी मध्ये, म्हणजे पुढे आलेला हात कर्मचाऱ्याच्या खांद्याजवळ किंवा मानेजवळ दिसत असणार. तो हात कुठे चाललाय हे कशावरून कळतं? उजव्या कडेच्या वजनकाट्यावरून. काटा फोटोत आहे तोवर वाचकाला दिसतं, की माणूस आपली वस्तू परत मिळवायला हात पुढे करतोय आणि वाटेत कर्मचारी उभा आहे. काटा आणि तो घेऊन जाणारा माणूस गेला, की तोच हात कर्मचाऱ्यावर उगारलेला दिसतो. फोटोतला एक ठिपकाही न बदलता तुम्ही एका माणसाला हल्लेखोर करून ठेवलंत. आणि हे नुसतं चुकीचं वाटण्यापुरतं राहत नाही. सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, म्हणजे आपण ज्याला आजही ‘तीनशे त्रेपन्न’ म्हणतो आणि भारतीय न्याय संहितेत जे आता कलम १३२ आहे, त्याचा पुरावा म्हणून असा कापलेला फोटो कुणीही पुढे करू शकतं.

उलट बाजूनेही तेवढंच खोटं रचता येतं. मधला युनिफॉर्मवाला काढा, मग उजवीकडचा साध्या कपड्यातला माणूस भरदिवसा काटा पळवणारा चोर दिसेल. फेरीवाल्यांच्या बाजूचं कुणी हा फोटो फिरवणार असेल तर त्याला हा बदल सोयीचा. सांगायचं एवढंच, की हा फोटो तीन माणसांवर उभा आहे. त्यातला कोणताही एक काढला तरी उरलेल्या दोघांची कृती बदलते.

डेस्कवर यासाठी एक साधी पद्धत चालते. पूर्ण फोटोसाठी एक ओळ लिहायची. मग क्रॉप केलेला फोटो ज्याने मूळ पाहिलेला नाही अशा सहकाऱ्याला दाखवायचा आणि त्यालाही एक ओळ लिहायला सांगायची. दोन्ही ओळींतली क्रियापदं शेजारी ठेवायची. तुमच्या बाबतीत पहिली ओळ अशी होईल: ‘कारवाईदरम्यान वजनकाटा नेला जात असताना त्या दिशेने हात पुढे करणारा भाजीविक्रेता’. दुसरी बहुतेक अशी येईल: ‘पथकातील कर्मचाऱ्यावर हात उगारणारा फेरीवाला’. ‘पुढे करणारा’चं ‘उगारणारा’ झालं, तिथेच क्रॉप बाद. क्रियापद तेच राहिलं आणि फक्त विशेषणं किंवा पार्श्वभूमी गेली, तर बहुतेक वेळा क्रॉप ठीक असतो. मूळ पाहिलेल्या माणसाकडून ही चाचणी करून घेऊ नका. त्याच्या डोक्यात तो काटा असतोच, त्यामुळे कापलेल्या फोटोतही त्याला तो दिसत राहतो. तुमच्या संपादकांनाही नेमकं हेच झालेलं असू शकतं.

आता क्रॉप आणि इरेजर यांतला फरक. फोटोपत्रकारितेत रूढ नियम असा, की क्रॉप चालतो आणि फोटोतली वस्तू किंवा माणूस पुसणं चालत नाही. कारणही सरळ आहे. क्रॉपमध्ये जे उरतं ते कॅमेऱ्यासमोर खरंच होतं. इरेजरमध्ये पुसलेल्या जागी जे येतं, मग ते दुकानाचं शटर असो की फुटपाथचा तुकडा, ते सॉफ्टवेअरने बनवलेलं असतं. पण यावरून ‘क्रॉप म्हणजे सुरक्षित’ असा जो अर्थ काढला जातो तो अर्धवट आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘द इकॉनॉमिस्ट’च्या जून २०१० मधल्या मुखपृष्ठाचं. मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली होती आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा मान खाली घालून एकटे उभे आहेत असं मुखपृष्ठावर दिसत होतं. रॉयटर्सच्या मूळ फोटोत ते एकटे नव्हते. शेजारी तटरक्षक दलाचे अ‍ॅडमिरल थॅड अ‍ॅलन होते आणि शार्लट रँडॉल्फ या स्थानिक लोकप्रतिनिधी होत्या. अ‍ॅलन क्रॉपमध्ये गेले, रँडॉल्फ पुसल्या गेल्या. साप्ताहिकाच्या उपसंपादिकेचा खुलासा असा होता, की राजकीय हेतू नव्हता, वाचकाला अनोळखी बाई पाहून गोंधळायला झालं असतं म्हणून काढलं. हेतू खरा मानला तरी मुखपृष्ठावरचा ‘एकटा, खचलेला’ अध्यक्ष त्या जागी, त्या क्षणी नव्हताच. आणि बघा, ते एकटेपण तयार करायला क्रॉप आणि पुसणं दोन्ही लागलं. एक नियमात बसणारं, दुसरं न बसणारं, पण काम दोघांनी मिळून एकच केलं.

नुसत्या क्रॉपने काय होतं ते जानेवारी २०२० मध्ये दावोसला दिसलं. असोसिएटेड प्रेसने पाच तरुण हवामान कार्यकर्त्यांचा फोटो प्रसिद्ध केला, त्यातून डाव्या कडेच्या युगांडाच्या व्हनेसा नकाते कापल्या गेल्या. ग्रेटा थुनबर्ग आणि इतर तिघी राहिल्या. गटातली एकमेव कृष्णवर्णीय व्यक्ती तेवढी गेली. संस्थेचं पहिलं स्पष्टीकरण होतं, की मागची इमारत लक्ष वेधून घेत होती म्हणून रचनेसाठी क्रॉप केला. नंतर संस्थेने माफी मागितली. ‘फोटो स्वच्छ दिसेल’ हे तुमच्या संपादकांचं कारण याच जातीचं आहे. मी त्याला खोटं म्हणत नाही. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण वाचकाला हेतू दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त उरलेली चौकट असते.

मग कडेचा माणूस कधी कापता येतो? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. स्टेशनबाहेर फोटो काढला, की कुणाचा तरी कोपर, पाठीवरची बॅग, मोबाइल धरलेला हात कडेला येतोच. त्या माणसाचा घटनेशी संबंध नसेल, घटनेतलं कुणी त्याच्याकडे बघत नसेल, कुणाचा हात किंवा पाऊल त्याच्या दिशेने नसेल, आणि त्याच्या जाण्याने ‘किती लोक होते’ हा बातमीतला मुद्दा बदलत नसेल, तर खुशाल क्रॉप करा. शेवटची अट लोक विसरतात. पंधरा माणसांचं पथक आलं होतं आणि फोटोत दोनच उरले, तर कारवाई किरकोळ वाटते. सभेच्या फोटोत रिकाम्या खुर्च्या कापल्या, की गर्दी वाटते. माणसं काढल्यानेच नव्हे, माणसांची अनुपस्थिती काढल्यानेही अर्थ बदलतो.

मात्र तोच बिनसंबंधाचा कोपर इरेजरने पुसू नका. कापता येत असेल तर कापा, नाहीतर राहू द्या. हे कडक वाटेल, पण व्यवसायात रेघ इथेच आहे. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत स्तेपान रुदिक यांचं पारितोषिक काढून घेतलं गेलं. त्यांनी फोटो चांगलाच कापला होता, पण आक्षेप त्यावर नव्हता. मागे दिसणाऱ्या एका पायाचा तुकडा पुसला, त्यावर होता. जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने नार्सिसो काँत्रेरास यांच्याशी संबंध तोडले. सीरियातल्या फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पडलेला दिसत होता, तो त्यांनी पुसला होता. बातमीचा अर्थ त्याने फारसा बदलत नव्हता, आणि ते आदल्याच वर्षी पुलित्झर मिळालेल्या चमूतले होते. तरी संस्थेने त्यांचे सगळे फोटो संग्रहातून काढले. एक वस्तू पुसली हे कळल्यावर बाकीच्या फोटोंवरचाही भरवसा जातो, हा त्यामागचा हिशेब.

त्याच हिशेबात एक पळवाट बसते, ती आत्ताच बंद करून ठेवतो. माणूस काढायचा नाही म्हटलं, की काहीजण उजवी बाजू इतकी गडद करतात की माणूस अंधारात जिरून जातो. ‘फक्त टोनिंग केलं’ असं वर सांगतात. काटा ओळखू येत नाही इतकी सावली आणली असेल तर तो क्रॉपच झाला, फक्त रंगाने केलेला. तसंच ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ असं खाली लिहून काही सुटत नाही. चेहरे ओळखू येतात, जागा ओळखू येते, बातमी त्याच घटनेची आहे.

आता एक गोष्ट, जी छोट्या पोर्टलांवर क्रॉपपेक्षा जास्त घोटाळा करते. तुम्ही पूर्ण फोटो चढवलात तरी वेबसाइट तो परस्पर कापते. तुमच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० ठिपक्यांची धरू, म्हणजे तीनास दोनचं प्रमाण. समजा डाव्या कडेपासून मोजलं तर भाजीवाला ९०० ते २३०० मध्ये आहे, कर्मचारी २४०० ते ३९०० मध्ये आणि काटा घेतलेला माणूस ४७०० ते ५६०० मध्ये. बातमीच्या पानावर सोळास नऊ चौकट असेल तर रुंदी पूर्ण राहते आणि वरखाली मिळून ६२५ ठिपके जातात. तिघेही सुरक्षित. पण होमपेजवरचा चौकोनी लघुफोटो मधोमध कापला जातो. ४००० रुंदी उरते, दोन्ही बाजूंनी हजार-हजार जातात. म्हणजे उजवीकडे ५००० वर सुरी चालते. काट्याचा एक कोपरा आणि बोटं उरतात, माणूस जातो, आणि मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढ्या त्या फोटोत काटा कुणालाच कळत नाही. स्टोरीसाठी उभी नऊस सोळा चौकट केलीत तर ४००० उंचीला फक्त २२५० रुंदी मिळते. मधला तेवढा भाग घेतला तर कर्मचारी आणि त्याच्या खांद्याशी आलेला, कुणाचा ते न कळणारा हात, एवढंच उरतं. त्यावर मथळा असतो ‘फेरीवाल्यांची मुजोरी’. झालं, जे करायचं नाही असं तुम्ही ठरवलं होतं ते सॉफ्टवेअरने करून टाकलं. आणि बहुतेक वाचक बातमी उघडत नाहीत, तो चौकोनच बघतात.

उपाय सोपा आहे, फक्त प्रत्येक वेळी करावा लागतो. चौकोनासाठी आणि उभ्या चौकटीसाठी वेगळी फाइल बनवा, तिच्यात पूर्ण आडवा फोटो बसवा आणि वरखाली साधी पट्टी सोडा. दिसायला तितकं देखणं नाही, पण खरं आहे. ते नको असेल तर लघुफोटोसाठी वेगळाच फोटो निवडा, ज्यात जागा दिसते पण दोन माणसांमधली झटापट नाही. रिकामी पाटी, उचललेली ताडपत्री, सामान भरलेली गाडी यांपैकी काहीही. वर्डप्रेस वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, की फोटो चढवतानाच त्याचे वेगवेगळे आकार तयार होतात. नंतर थीममध्ये सेटिंग बदललं तरी जुने लघुफोटो तसेच राहतात, ते पुन्हा तयार करावे लागतात. प्रसिद्ध करण्याआधी दुवा स्वतःच्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपला पाठवून झलक कशी दिसते ते पाहा.

‘पण आम्हाला कधीतरी माणूस खरंच लपवावा लागतो’, हे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. या दुसऱ्यात पीडित मूलच नव्हे, साक्षीदार असलेलं मूलही येतं. अशा वेळी झाकायचं, पुसायचं नाही. चेहऱ्यावर भरीव रंगाचा ठोकळा ठेवला, तर वाचकाला कळतं की इथे कुणीतरी आहे आणि ते दाखवलेलं नाही. पुसलं तर वाचकाला वाटतं तिथे कुणीच नव्हतं. पहिल्यात तुम्ही माहिती राखून ठेवता आणि तसं सांगता, दुसऱ्यात घटना बदलता. ओळीतही लिहा: ‘ओळख लपवण्यासाठी चेहरा झाकला आहे’. चेहरा झाकून काम संपत नाही, हेही पाहा. शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला, घराच्या दारावरची पाटी, रिक्षाचा नंबर, हातावरचं गोंदण, शेजारी उभी आई, यांतल्या कशावरूनही ओळख पटते. इतकं झाकावं लागत असेल तर तो फोटो वापरूच नका.

झाकण्याच्या पद्धतीतही फसायला होतं. हलकं धूसर केलेला चेहरा ओळखीच्या माणसाला सहज कळतो, म्हणून भरीव ठोकळाच बरा. तो ठोकळा वेगळ्या थरावर राहिला आणि फाइल थरांसकट कुणाला दिली, तर उचलून बाजूला करता येतो. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये फोटो कापला तरी कापलेला भाग फाइलमध्ये आतच असतो. ‘Delete cropped areas of pictures’ हा पर्याय वापरल्याशिवाय तो जात नाही, समोरचा दोन क्लिकमध्ये पूर्ण फोटो परत आणतो. २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट कापण्याच्या साधनातही असाच दोष सापडला होता. कापलेला भाग फाइलच्या शेपटीला उरत होता आणि परत काढता येत होता. म्हणून झाकलेला फोटो नेहमी नव्या जेपेगमध्ये थर एकत्र करून काढा आणि तीच फाइल बाहेर जाऊ द्या.

आता पोलिसांचा भाग. बातमीत ‘थोडं कापलं तर चालेल का’ असा प्रश्न तरी असतो. पुराव्यात तो नाहीच. तिथे संपादन केलेली प्रत मूळ म्हणून द्यायची नाही, मग ते संपादन कितीही निरुपद्रवी असो. बातमीसाठी काय महत्त्वाचं हे तुम्ही ठरवता. पुराव्यात काय महत्त्वाचं हे तपास अधिकारी, दोन्ही बाजूंचे वकील आणि न्यायाधीश ठरवतात. तुम्हाला बिनकामाचा वाटलेला कोपरा, तिथलं दुकानाचं घड्याळ किंवा मागे उभा असलेला माणूस, उद्या कुणाचा तरी साक्षीदार असू शकतो.

सगळ्यात आधी मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढा, त्यावरची लॉकची पट्टी सरकवा आणि ते वेगळं ठेवा. त्यावर पुढे शूटिंग करू नका. मग कार्डावरून संगणकावर संपूर्ण फोल्डर कॉपी करा, फक्त हा एक फोटो नव्हे. त्या वेळचे आधीचे आणि नंतरचे सगळे फोटो हवेत, कारण सलग काढलेल्या फोटोंमधून एकच उचलणं हाही एक क्रॉपच आहे, वेळेचा. आधीच्या फोटोत काटा उचलला जाताना दिसत असेल आणि नंतरच्यात भाजीवाल्याचा हात खाली आलेला असेल, तर या फोटोचं भांडणच मिटतं. रॉ आणि जेपेग दोन्ही काढले असतील तर दोन्ही ठेवा.

कॉपी केल्यावर फाइलचा हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारी अक्षर-आकड्यांची ओळ. एक ठिपका बदलला तरी ती पूर्ण बदलते. विंडोजमध्ये फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढं टाका, फाइलचं नाव तुमचं घाला:

```
certutil -hashfile DSC_0412.JPG SHA256
```

कार्डावरच्या फाइलचा आणि कॉपीचा हॅश जुळला पाहिजे. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, नुसती उघडून पाहिली तरी नाही. पण फोटो पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये सहज म्हणून आडव्याचा उभा केला आणि तो जतन झाला, तर बदलतो. बहुतेक वेळा घोळ तिथेच होतो. माणूस शपथेवर सांगतो ‘मी काही केलं नाही’, आणि हॅश जुळत नाही. म्हणून हॅश निघेपर्यंत त्या फाइलला दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमने हात लावू देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तो आकाराने लहान होतो, पुन्हा दाबला जातो आणि कॅमेऱ्याने लिहिलेली वेळ, मॉडेल वगैरे नोंदी निघून जातात. अगदीच पाठवावा लागला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण खरं म्हणजे पेनड्राइव्ह किंवा सीडीवर द्या आणि त्यासोबत पत्र द्या: फाइलांची नावं, प्रत्येकाचा हॅश, दिल्याची तारीख आणि वेळ. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. मागणी तोंडी आली असेल तर लेखी मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक साधनं हजर करायला लेखी आदेश देता येतो, अधिकाऱ्यांना हे नवीन नसतं. कार्डच जप्त करायचं म्हणाले, तर पंचनाम्यात कार्डाचा मेक, क्षमता, अनुक्रमांक आणि शक्य तर हॅश येईल हे पाहा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र कलम ६३ खाली येतं, जुन्या ६५-बच्या जागी. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे. भाग अ फाइल ज्याच्या ताब्यात होती त्याने, म्हणजे तुम्ही, भरायचा. भाग ब तज्ज्ञाने. त्यात उपकरणाचा प्रकार, मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि हॅश लिहावा लागतो, कोणत्या पद्धतीने काढला त्यावर खूण करावी लागते. हे प्रमाणपत्र नुसता उपचार नाही. जालना विधानसभा निवडणुकीतल्या व्हिडिओ चित्रणावरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जुन्या कलमाखाली, ते अनिवार्य ठरवलं. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर करून सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. आता विचार करा, कापलेल्या प्रतीचा हॅश काढून ‘माझ्या कॅमेऱ्यातला फोटो’ म्हणून तुम्ही सही केलीत, तर उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला काय उत्तर द्याल?

खोटा पुरावा तयार करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २२८ मध्ये येतं आणि शिक्षा २२९ मध्ये, न्यायालयीन कामकाजात सात वर्षांपर्यंत. पुरावा म्हणून लागू शकेल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख तो सादर होऊ नये म्हणून नष्ट करणं कलम २४१ मध्ये येतं. बातमीसाठी केलेला प्रत्येक क्रॉप म्हणजे गुन्हा, असं अजिबात नाही. या कलमांना हेतू लागतो: खोट्या पुराव्यात न्यायालयापुढे चुकीचं मत तयार व्हावं असा, नष्ट करण्यात तो अभिलेख सादर होऊ नये असा. पण मूळ फाइल डिलीट केली आणि फक्त कापलेली उरली, तर हेतू नव्हता हे पटवत बसण्याची पाळी तुमच्यावर येते. म्हणून बातमीची प्रत कशीही असो, मूळ जपा.

पुराव्यात एखादी बारीक गोष्ट दाखवायचीच असेल, उदाहरणार्थ भाजीवाल्याची बोटं उघडी आहेत की मूठ वळलेली, तर त्याचीही रीत आहे. आधी पूर्ण फोटोचं प्रिंट काढायचं आणि त्यावर जो भाग मोठा केला आहे त्याभोवती बारीक चौकोन काढायचा. त्याच्या पुढच्या पानावर तेवढाच भाग मोठा करून लावायचा आणि खाली लिहायचं: ‘आधीच्या पानावरील फोटोतील चौकोनातला भाग, मोठा केलेला, इतर बदल नाही’. काय केलं ते कागदावर टिपून ठेवायचं, कोणत्या फाइलवरून, कोणत्या प्रोग्रॅममध्ये, किती पट. ही जोडी वेगळी करून कधीच द्यायची नाही. उघड्या बोटांचा नुसता मोठा तुकडा फायलीत एकटा राहिला, तर वर्षभराने तो कुठला हे कुणालाच सांगता येत नाही.

संपादकांशी बोलताना नीतीवरून वाद घालण्यापेक्षा दोन ओळींची ती चाचणी त्यांच्यासमोर करा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. त्यांची अडचण खरी असेल, फोटो गजबजलेला वाटत असेल, तर वरचे होर्डिंग आणि खालचा रिकामा फुटपाथ कापून द्या. तिघांपैकी कुणाला धक्का लागत नाही आणि फोटो घट्ट होतो. उजवीकडच्या माणसाला ओळीत ‘पथकातील कर्मचारी’ म्हणू नका. तो साध्या कपड्यात आहे आणि तुम्ही त्याची ओळख खात्री करून घेतलेली नाही. ‘साध्या कपड्यातील व्यक्ती’ एवढंच लिहा आणि पथकाला विचारून घ्या. तो पथकाचा नसेल तर ती वेगळीच आणि कदाचित मोठी बातमी आहे.

आणि कापलेला फोटो आधीच चढला असेल तर गुपचूप बदलू नका. पूर्ण फोटो नव्या नावाच्या फाइलने चढवा, कारण नाव तेच ठेवलं तर साठवलेली जुनी प्रत कित्येकांना दिसत राहते. बातमीखाली तारीख आणि वेळ घालून लिहा, की आधीच्या फोटोत उजवीकडची व्यक्ती कापली गेली होती, त्यामुळे चुकीचा अर्थ निघत होता, आता पूर्ण फोटो दिला आहे. फेसबुकवर दुव्याची झलक पुन्हा ओढून घ्यावी लागते, नाहीतर तिथे जुनाच फोटो राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या झलका परत येत नाहीत, म्हणून ज्या ग्रुपवर तुम्ही बातमी टाकली होती त्या प्रत्येक ग्रुपवर दुरुस्ती पूर्ण फोटोसकट पुन्हा टाका. जुनी फाइल सर्व्हरवरून काढा, पण तिची एक प्रत आणि ती कधी चढली होती याची नोंद तुमच्याकडे ठेवा. पोलिसांकडे प्रकरण गेलंच आहे, तेव्हा कधी काय प्रसिद्ध झालं हे तुम्हाला विचारलं जाणारच.